खानापूरच्या पावसात कॉफीच्या बिया ‘मान्सून’ होतील काय?

जांबोटीकर
चिकमगळूरला मेहुण्याची थोडी कॉफी आहे. उन्हाळ्यात आला तेव्हा ५ किलो अरेबिकाच्या बिया घेऊन आला. भाजलेल्या नव्हेत, हिरव्या, कच्च्या. जाताना म्हणाला, “तुमच्याकडं एवढा पाऊस पडतोय, मान्सूनिंग करून बघ की.” मंगळूरकडं पावसाळी वाऱ्यात बिया ठेवतात, त्या फुगून पिवळट-पांढऱ्या होतात आणि परदेशात चढ्या भावानं जातात, एवढं मी ऐकून होतो. मृगापासून माडीवर बारदान अंथरून त्यावर पसरल्यात. खिडक्या सताड उघड्या, रोज हात फिरवतो.

आता आषाढ निम्मा झाला. निम्म्या बिया गव्हाळ पिवळ्या झाल्यात, बऱ्याच अजून करड्या-हिरव्याच आहेत, काही बियांवर दोन्ही रंगांचे डाग. वास भिजलेल्या पोत्याचा येतोय. बायको म्हणते, चांगला माल कुजवायला घेतलाय. कुणी करून बघितलंय काय? रंग असाच येतो काय? आणि चवीत नक्की बदलतं काय, की नुसती दिखाव्याची गोष्ट?

शहापूरचा_चहावाला
दादा, चहा प्या की. ह्या भागात कॉफी म्हणजे उडप्याच्या हॉटेलात इडलीबरोबर प्यायची वस्तू.

मस्करी बाजूला. माझ्या माहितीप्रमाणं हे काम समुद्राच्या वाऱ्यातल्या मिठामुळं होतंय. खारा वारा बियांतलं आम्ल ओढून घेतो. तुमच्याकडं वारा सह्याद्री चढून येईपर्यंत त्यातलं मीठ पावसात धुऊन जातं. म्हणून तुमच्या बिया अर्धवट राहिल्या. हे समुद्राकाठीच व्हायचं.

हिंदवाडी_काका
मंगळूरला एका क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे कच्ची कॉफी निर्यातीसाठी तयार करणाऱ्या कारखान्यात, नोकरीचा बराच काळ काढला, आता निवृत्त होऊन बेळगावात. म्हणून थोडं सांगतो.

चहावाले, समुद्राकाठीच व्हायचं हे निम्मं बरोबर आहे, मिठाचं कारण मात्र नाही. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि उबदारही असते, आणि वारा सतत वाहता असतो. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. जांबोटी-कणकुंबीला दमटपणा हवा तेवढा आहे, किंबहुना जास्तच. पण तिकडं आषाढात गारठा असतो, धुकं घरात शिरतं आणि दिवसचे दिवस हवा जागची हलत नाही. बीला ओल मिळते, पण ती थोडी सोडायची उसंत मिळत नाही.

कारखान्यात काय करतात ते सांगतो. माल चेरीचा घेतात, म्हणजे फळ सालासकट उन्हात वाळवून मग फोडलेला. धुऊन काढलेला प्लांटेशनचा माल ह्या कामाला घेत नाहीत. मोठ्या, एकसारख्या बिया निवडतात. दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा गोदामात फरशीवर चार ते सहा इंच जाडीचा थर देतात आणि दाताळ्यानं पुन्हा पुन्हा वरखाली करतात. चार-पाच दिवसांत बी १३-१५ टक्के ओलीपर्यंत येते. मग खरं लांबलचक काम सुरू होतं. बिया पोत्यांत भरतात, पण पोतं सैल, पूर्ण न भरलेलं. पोत्यांच्या ओळी अशा लावतात की मधून वारा जाईल. साधारण आठवड्यानं पोती रिकामी करायची, माल एकत्र मिसळायचा, पुन्हा भरायचा, ओळींच्या जागा बदलायच्या. असं तीन-चार महिने. शेवटी चाळणी, मग बायका बसून न फुगलेल्या हिरव्या-काळ्या बिया हातानं वेचून काढतात, मग धुरी देऊन माल बाहेर.

तुमच्या बियांवरचे डाग हे मिसळणं कमी पडल्याचं लक्षण. खालच्या थरातली बी बारदानाला चिकटून ओली राहते, वरची वाऱ्यावर. हात फिरवल्यानं थर हलतो, उलटत नाही.

दोन गोष्टी कळवा. माल चेरीचा आहे की प्लांटेशनचा? आणि पसरायच्या आधी वजन केलं होतं काय?

निपाणी_वखार
आमच्याकडं कॉफी नाही, तंबाखू. पण गोष्ट ओळखीची वाटली. पावसाळ्यात वखारीत तंबाखू मऊ पडते, तेवढी मऊ लागतेच, नाहीतर हात लावला की चुरा. पण मऊ आणि ओली ह्यांत एका रात्रीचा फरक असतो. आमच्या आजोबांचा नियम होता, थप्पीत कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली की थप्पी त्याच वेळी फोडायची, सकाळची वाट बघायची नाही.

जांबोटीकर, ढिगात हात घालून बघा. ऊब लागली तर वास काय येतो हा प्रश्नच उरत नाही.

जांबोटीकर
काका, मेहुण्याला फोन केला. चेरीच आहे. वजन केलं होतं, काट्यावर बरोबर ५ किलो. आज परत केलं तर ५ किलो ३६० ग्रॅम भरलं. म्हणजे ३६० ग्रॅम पाणी प्यायल्या की!

निपाणीवाले, हात घातला. ऊब नाही. पण तळाला गार ओलसर लागतंय.

हिंदवाडी_काका
वजन केलंत हे फार बरं केलंत. ओल मोजायचं यंत्र घरी नसलं तरी काट्यावर हिशेब निघतो.

चेरीचा चांगला वाळलेला माल साधारण ११ टक्के ओलीचा असतो असं धरू. म्हणजे ५ किलोत ५५० ग्रॅम पाणी आणि ४ किलो ४५० ग्रॅम कोरडा ऐवज. कोरडा ऐवज तेवढाच राहतो, वाढलंय ते पाणी. आता पाणी झालं ५५० अधिक ३६०, म्हणजे ९१० ग्रॅम. ५३६० ला ९१० म्हणजे १७ टक्के.

हे जास्त आहे. तयार माल आम्ही १३ ते साडेचौदा टक्क्यांच्या आत बाहेर काढायचो. १७ वर बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि कॉफीवरच्या काही बुरशी ओक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते भाजल्यानंही पूर्ण जात नाही. म्हणून ‘भाजून बघू, वास जाईल’ असं करू नका.

१४ टक्क्यांवर यायचं तर एकूण वजन ५ किलो १७५ ग्रॅमच्या आसपास हवं. म्हणजे १८५ ग्रॅम पाणी घालवायचं. बारदान काढून टाका, ते स्वतःच ओल धरून बसलंय. बांबूच्या सुपात किंवा जाळीच्या चौकटीवर पातळ थर द्या, खालूनही हवा लागली पाहिजे. टेबलफॅन लावा. चुलीची धग नको, उन्हाची तिरीप मिळाली तरी थेट नको. एकदम वाळवलं तर बी वरून आकसते, आत ओल कोंडते.

त्याआधी पांढऱ्या कागदावर ओंजळ-ओंजळ बिया घेऊन बघा. पिवळट, फिकट, फुगलेली ती ठेवा. हिरवी, कडक ती वेगळी. ज्यावर हिरवट किंवा काळसर लव दिसेल, किंवा मधल्या चिरेत पांढरा कापसासारखा धागा, ती फेकून द्या, कोंबड्यांनाही नको. बारीक गोल भोक आणि भोकातून पीठ दिसलं तर किडा लागलाय. कारखान्यात त्यासाठीच धुरी देतात. घरात धान्याच्या विषारी गोळ्या अजिबात ठेवू नका.

टिळकवाडी_अनिकेत
काका, सुरुवातीला ११ टक्केच होते हे कशावरून? १० असतील तर?

हिंदवाडी_काका
बरोबर पकडलंस. १० धरले तर कोरडा ऐवज साडेचार किलो, आणि आजची ओल १६ टक्के निघते. म्हणजे हिशेबात एखाद्या टक्क्याचं इकडंतिकडं होणारच. करायची कृती दोन्ही वेळी तीच. आणि हो, वेचून फेकलेल्या बियांचं वजन हिशेबातून वजा करायचं, नाहीतर ओल कमी झाल्यासारखी उगाच वाटेल.

मीना_खानापूर
मला बऱ्याच वर्षांची ॲसिडिटी आहे. कॉफी घेतली की छातीत जळजळतं, म्हणून बंद केलीये. ह्या बियांत आम्ल कमी असतं म्हणता, तर ही मला चालेल काय? जांबोटीकर दादा, पावशेर द्याल काय?

टिळकवाडी_अनिकेत
मीनाताई, इथं चाललंय ते जिभेला लागणाऱ्या आंबटपणाबद्दल. लिंबू-संत्र्यासारखी जी चुणचुण काही कॉफीत लागते, ती ह्यात जवळजवळ नसते. पोटातली जळजळ नुसत्या त्या आंबटपणानं ठरत नाही, कॅफिन ह्यातही आहेच. डॉक्टरांना विचारा. आणि दादांचा हा माल तर आत्ता कुणीच पिऊ नये!

कॉलेज रोडजवळ आमचं छोटं कॉफीचं दुकान आहे, भाजतो तिथंच. मंगळूरहून मान्सून्ड मलबारचं, म्हणजे तिकडं मान्सूनिंग केलेल्या कॉफीचं पोतं अधूनमधून घेतो, म्हणून भाजण्याबद्दल सांगतो. ही बी फसवते. साधी हिरवी बी रंग बदलत जाते, त्यावरून कळतं कुठवर आलोय. ही आधीच फिकट, शिवाय भाजताना रंग उशिरा आणि कमी धरते. डोळ्यांवर विसंबलात तर वरून मध्यम दिसेल आणि आतून करपट. बी हलकी आणि सच्छिद्र झालेली असते, म्हणून ड्रम नेहमीपेक्षा थोडा कमी तापवून मी माल टाकतो. पहिला क्रॅक, म्हणजे बी तडकल्याचा पहिला आवाजही नेहमीसारखा खणखणीत येत नाही, दबका येतो. शेजारी भजी तळत असतील तर ऐकूही येत नाही. मी घड्याळ आणि वास ह्यांवर जातो. दळतानाही नेहमीच्या मापापेक्षा जरा बारीक दळावं लागतं, नाहीतर एस्प्रेसो भसकन वाहून जातो.

शहापूरचा_चहावाला
मिठाचं नव्हतं तर नव्हतं, मान्य. पण मग आम्ल जातं कुठं? पाण्याबरोबर वाहून?

हिंदवाडी_काका
वाहून जायला पाणी लागतं, इथं बीला पाणी लावतच नाहीत. पाऊस तर शिंतोडाही लागू द्यायचा नाही, सगळा खेळ हवेतल्या वाफेचा.

बी सुकी असते तेव्हा आत जवळजवळ सगळं थांबलेलं असतं. ओल १४-१५ वर गेली आणि हवा उबदार असली की आत रासायनिक उलाढाल चालू होते, बी थोडा श्वासही घेते, साठलेली आम्लं आणि साखर हळूहळू खर्ची पडते. वरच्या सूक्ष्मजीवांचाही हात असतो. त्यात कुणाचा वाटा किती, ह्यावर आमच्या कपिंगच्या, म्हणजे कॉफी चाखून पारखायच्या खोलीतच दोन तट होते, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते मिटले नव्हते.

रंगाचंही तसंच. हिरवेपणा देणारी द्रव्यं ओल आणि हवा लागून फिकी पडत जातात, आणि पुन्हा पुन्हा फुगल्या-आकसल्यामुळं बीचं अंग सैल होतं. तयार बी चिमटीत घेतली तर भरीव वाटत नाही, दाताखाली धरली तर कडक फुटायच्या ऐवजी जरा दबते. कच्च्या बीच्या जवळजवळ दीडपट-दुप्पट आकार दिसतो, पण पोत्यात वजन कमी भरतं. मालवाहू ट्रकवाले त्यावरून कुरकुरायचे.

बॉडी म्हणजे तोंडात लागणारा जडपणा, तो वाढतो. पण माझं मत सांगतो, त्यातला काही भाग भास आहे. आंबटपणा जिभेला झटका देतो, त्यानं पेय हलकं, लवकर सरणारं वाटतं. तो झटका गेला की तेच पेय जड आणि गुळगुळीत लागतं. शिवाय चेरीच्या मालात मुळातच जडपणा असतो, मान्सूनिंगनं तो समोर येतो.

निपाणी_वखार
पण काका, हे सुचलं कुणाला? चांगला माल मुद्दाम ओला करायचा?

हिंदवाडी_काका
सुचलं नव्हे, होत होतं. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची, प्रवास कित्येक महिन्यांचा. लाकडी जहाजाच्या पोटात दमट हवेत बिया फुगायच्या, पिवळ्या पडायच्या. नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांना कॉफी अशीच असते म्हणून तीच चव सवयीची झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास थोडक्यात आटोपायला लागला. माल हिरवागार आणि आंबट पोचायला लागला, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं. मग तीच करामत किनाऱ्यावरच्या गोदामात पावसाळी वाऱ्यावर करायला सुरुवात झाली. व्यापारात ही गोष्ट अशीच सांगतात.

आजही मोठं गिऱ्हाईक तिकडचंच. स्कँडिनेव्हिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, आणि एस्प्रेसोच्या मिश्रणांसाठी इटली. आपल्याकडं फार थोडा माल राहतो.

टिळकवाडी_अनिकेत
गिऱ्हाइकांवरून आठवलं. माझ्याकडं दोन टोकं आहेत. दूध-साखर घालून जाडसर कॉफी पिणारे, फिल्टर कॉफीवर वाढलेले काका-मावशी, ह्यांना ही एकदम पसंत. दुधातही ती हरवत नाही. एस्प्रेसोच्या मिश्रणात चौथा हिस्सा घातला तर वरचा फेस दाट येतो आणि टिकतो, म्हणून इटालियन लोकांना ती का लागते ते कळतं. उलट बेंगळूरहून सुट्टीला येणारी पोरं, हलकी भाजलेली, फळांच्या वासाची कॉफी पिणारी, एक घोट घेऊन कप ठेवतात. “जुन्या कपाटाचा वास येतोय” म्हणाली एक मुलगी.

कॅम्पमधला_प्रसाद
ती मुलगी खरं बोलली. माफ करा, पण मी तिच्या बाजूचा. स्पेशालिटी कॉफीत ओलसर, मातकट वास म्हणजे दोष, कप सरळ बाद होतो. तोच दोष मलबारचं लेबल लावून आला की ‘स्वभाव’ म्हणायचा? शेतकऱ्यानं मेहनतीनं आणलेली चव चार महिने हवेत घालवायची, हे मला अजून पटलेलं नाही.

हिंदवाडी_काका
प्रसाद, तुझ्याशी मी अर्धा सहमत. मातकट आणि कुबट ह्यांत रेघ आहे, ती प्रत्येक कपिंग करणाऱ्याची थोडी वेगळी असते. चांगल्या मान्सून्ड कपात मसाल्याचा, ओल्या लाकडाचा, कोकोचा वास यावा आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ व्हावं. घशात बुरशीची तुरट कड मागं राहिली तर तो माल बिघडलेला, लेबल काहीही असो. तसली पोती आम्हीही परत पाठवलीत.

पण उत्तम, आंबट-गोड अरेबिका ह्यात घालवू नये हे तुझं म्हणणं बरोबर. म्हणूनच चेरीचा माल घेतात. रोबस्टाचंही मान्सूनिंग करतात, तिथं तिचा राकटपणा बराच उतरतो.

जांबोटीकर
सगळ्यांना धन्यवाद. काकांनी सांगितलं तसं केलं. बारदान काढलं, बुरूडाकडनं चार सुपं आणली, पंखा लावला. लाईट जाते तेव्हा मात्र हात टेकले. वेचून २१० ग्रॅम बाद निघाल्या, चिरेत कापूस धरलेल्या. हिरव्या वेगळ्या काढल्या. उरलेल्या पिवळ्या बियांचं वजन आता दोन दिवस सारखंच येतंय, पोत्याचा वास गेला, वाळक्या गवतासारखा येतोय.

आता विचारायचं ते असं. चिमूटभर भाजून चाखू काय? आणि बायकोच्या माहेरी ‘मान्सून्ड मलबार’ म्हणून थोडी पाठवली तर चालेल काय?

हिंदवाडी_काका
नाव लावू नका. ‘मान्सून्ड मलबार अरेबिका’ आणि ‘रोबस्टा’ ह्या दोन्हींना जीआय मानांकन आहे, ते किनाऱ्यावर केलेल्या मालालाच लागतं. जांबोटीचा माल जांबोटीचाच.

चाखण्याबद्दल माझा सल्ला नको असा आहे. माल १७ टक्क्यांवर किती दिवस होता ते आपल्याला माहीत नाही, आणि विष वासावरून कळत नाही. चवीपुरतं शिकायचं असेल तर अनिकेतच्या दुकानात मंगळूरचा माल चाखा. आणि मेहुण्याकडून थोडी हिरवी चेरी परत मागवून शेजारी ठेवा, दोन्ही एकसारख्या भाजून, साखरेशिवाय. फरक एका घोटात कळतो.

निपाणी_वखार
एक शंका राहिलीच काका. पावसाळ्यात मंगळूरला हवा नव्वद टक्क्यांपर्यंत दमट असते. तेवढ्या हवेत महिनोन्‌महिने ठेवलेला माल १४ वरच कसा थांबतो? आमची तंबाखू तर थांबत नाही.

हिंदवाडी_काका
आमच्याकडं पोती फिरवायचं वेळापत्रक त्यासाठीच होतं, आणि उघडीप पडली की सगळे दरवाजे उघडायचे. मधे एखाद्या आठवड्यात १४ च्या वर जायचाही, नंतर उतरवायचो. पण फक्त तेवढ्यानं होतं काय, हे मी छातीठोक सांगणार नाही. आमचे फोरमन म्हणायचे, वाऱ्याचा वेग बघा, दमटपणा नको. त्यांच्याकडं मोजमाप काही नव्हतं.

टिळकवाडी_अनिकेत
जांबोटीकर, रविवारी सकाळी दुकानात या. हिरवी चेरी माझ्याकडं आहे, मेहुण्याला त्रास नको. प्रसाद, तूही ये, पण कपाटाचा विषय काढायचा नाही.

कॅम्पमधला_प्रसाद
येतो. कप मात्र झाकून ठेव, कुठला कशाचा ते आधी सांगू नको.